रात्रीची क्वार्टर आणि पहाटेची धडधड

प्रश्न : वय 34, पुण्यात आयटीत आहे. दोन वर्षांपासून रोज रात्री एक क्वार्टर व्हिस्की लागते, नाहीतर डोकं शांत होत नाही. दिवसाला 10-12 सिगारेटी. पहाटे चारच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते, वाटतं आता काहीतरी होणार. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. मला मुळात एन्झायटी आहे म्हणून मी पितो, की पितो म्हणून हे होतंय? आणि एकदम बंद केली तर चालेल का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण धोका तिथे आहे. एकदम, स्वतःच्या मनाने आणि कोणाला न सांगता बंद करू नका. कारण पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण पहाटे चारच्या धडधडीचा मोठा वाटा दारूचा आणि निकोटीनचा आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. तो वाटा किती, हे तुम्हाला स्वतःला तपासता येतं.

आधी हिशोब करू. क्वार्टर म्हणजे 180 मिली. व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्यानुसार तुमच्या पोटात जाणारं शुद्ध अल्कोहोल वजनात साधारण 60 ग्रॅम होतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल मोडतं, म्हणजे ढोबळमानाने तासाला 30 मिलीचा एक पेग. रोज पिणाऱ्याचं यकृत थोडं जास्त वेगाने काम करतं, पण फार नाही. ताक प्या, लिंबू-पाणी प्या, गार पाण्याने आंघोळ करा, हा वेग वाढत नाही. तुम्ही नऊला सुरुवात करून अकराला ग्लास खाली ठेवता असं धरू. अकराला निदान 40 ग्रॅम तरी अंगात शिल्लक असतात. ते संपायला आणखी पाचेक तास लागतात. अकरात पाच मिळवा, पहाटेचे चार वाजतात. तुमची जाग आणि रक्तातलं अल्कोहोल संपण्याची वेळ जुळते आहे.

पण अल्कोहोल संपलं म्हणून धडधड का व्हावी? उलट बरं वाटायला हवं. इथे मेंदू काय करतो ते पाहावं लागेल. मेंदूत पेशींना शांत करणारं एक मुख्य रसायन आहे, गाबा. आणि पेशींना चेतवणारं दुसरं आहे, ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. पहिल्या पेगनंतर खांदे सैल होतात, मॅनेजरचा ईमेल तितकासा टोचत नाही, तो याचाच परिणाम. हे सुख खोटं नाही. दारूने शांत वाटतं असं म्हणणारा माणूस स्वतःला फसवत नसतो, त्याला खरोखरच शांत वाटत असतं.

मात्र मेंदूला समतोल राखायचा असतो. रोज रात्री बाहेरून कोणी त्याला शांतीकडे ढकलत असेल, तर तो उलट्या बाजूने जोर लावायला लागतो. गाबाचे ग्राहक, म्हणजे पेशींवर ते रसायन पकडणाऱ्या जागा, आपला प्रतिसाद कमी करतात, ग्लुटामेटचे ग्राहक वाढतात. दोघे जण दाराच्या दोन बाजूंनी जोर लावून उभे आहेत आणि एकाने अचानक हात काढला, तर दुसरा धाडकन पुढे येतो. पहाटे चारला दारूने हात काढलेला असतो. मेंदूने लावलेला जोर मात्र तसाच असतो, कारण ग्राहकांची ही फेररचना पूर्ववत व्हायला तास पुरत नाहीत, दिवस आणि आठवडे लागतात. त्या चेतलेल्या अवस्थेत नाडी वाढते, तळहात घामेजतात, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं आणि मन त्या सगळ्याला साजेसं कारण शोधायला लागतं. ‘उद्याचं रिलीज फसणार’, ‘बायकोचं ऐकायला हवं होतं’, ‘हा हार्ट अटॅकच आहे’. शरीर आधी घाबरतं, विचार नंतर येतात. तुम्हाला मात्र उलटं वाटतं, की विचारांमुळे जाग आली.

झोपेचीही भर आहे. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या पहिल्या भागात गाढ लागते, म्हणूनच ती झोपेचं औषध वाटते. पण स्वप्नांची झोप ती दाबून ठेवते. दारू उतरली की ती दाबलेली झोप उसळून वर येते. उत्तररात्री झोप तुटक होते, स्वप्नं भडक पडतात, दर अर्ध्या तासाने कूस बदलावी लागते. त्यात पहाटेच्या वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक प्रत्येकाच्याच अंगात चढायला लागलेलं असतं. आणि तुमची शेवटची सिगारेट रात्री अकराची असेल, तर त्या वेळी निकोटीनही तळाला गेलेलं असतं. असे तीन उतार-चढाव एकाच घटकेला येऊन मिळतात. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ असेल तर पिण्याच्या रात्रीचा आणि न पिण्याच्या रात्रीचा आलेख शेजारी ठेवून पाहा. प्यायलेल्या रात्री झोपेतली नाडी बहुतेकांची चढीच असते आणि खाली यायला पहाट उजाडते. घड्याळ नसेल तर जाग आल्यावर मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी जलद पण एका लयीत असेल तर मी सांगतोय तो प्रकार असण्याची शक्यता जास्त. ठोके चुकत असतील, लय वेडीवाकडी लागत असेल, तर ते वेगळं आहे. दारूमुळे हृदयाची लय बिघडू शकते. आणि दिवसा काढलेल्या नॉर्मल ईसीजीत ते दिसेलच असं नाही. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञांना चोवीस तास ईसीजी नोंदवत राहणाऱ्या होल्टर तपासणीबद्दल विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रात्री जेवण टाळून प्यायल्यास पहाटे साखर उतरूनही अशीच धडधड आणि घाम येतो. तिथे विचार करत बसू नये, ग्लुकोमीटर काढावा.

आता दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी बेचैनी, दुपारपर्यंत थोडी कमी, संध्याकाळी पुन्हा चढते आणि नऊला पहिल्या पेगने एकदम विरघळते. मेंदू यातून एक धडा शिकतो, की दारूने टेन्शन जातं. पण संध्याकाळी जे गेलं त्यातला काही भाग आदल्या रात्रीच्या दारूने तयार केलेला होता. तिने घेतलेलं तिनेच परत केलं, आणि श्रेय तिला मिळालं. पुढे काही जण सकाळीच उतारा म्हणून निप मारायला लागतात. माझ्यासाठी ती मोठी खूण आहे. उताऱ्याने हात थांबतात याचा अर्थ ते दारू कमी पडल्यामुळे थरथरत होते. आणखी एक गोष्ट अनुभवी पिणाऱ्यांनाही माहीत नसते. दारू सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली असं झालं, तर प्रत्येक पुढच्या वेळी हा उलटा झटका अधिक जोराचा येऊ शकतो. ‘मागच्या श्रावणात महिनाभर सोडली होती, काही झालं नाही’ हा भरवसा म्हणूनच पुरेसा नाही.

सिगारेटकडे वळतो. तिथलं घड्याळ वेगळं आहे, खूप छोटं. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. दारूचा उतार रात्रीतून एकदा येतो, सिगारेटचा दिवसातून दहा-बारा वेळा. निकोटीनचे ग्राहक नेहमी ओढणाऱ्याच्या मेंदूत संख्येनेही वाढलेले असतात. ते रिकामे राहिले की चिडचिड, लक्ष न लागणं, आत काहीतरी कुरतडत असल्यासारखं वाटणं सुरू होतं. झुरका घेतला की ते थांबतं. म्हणजे सिगारेट जी बेचैनी शमवते तिच्यातली बरीचशी मागच्या सिगारेटने मागे ठेवलेली असते. शरीरावर तर निकोटीनचा परिणाम शांत करणारा नसतोच. ते अॅड्रेनलिन सोडायला लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. माणूस ‘रिलॅक्स’ होत असताना त्याचं हृदय जास्त जोरात चालू असतं.

हे मी नुसतं सांगितलं तर पटत नाही. ‘डॉक्टर, तुम्ही आमच्या ऑफिसात एक दिवस बसा’ असं मला ऐकवलं जातं. म्हणून मी वही देतो. एका बँक अधिकाऱ्याची वही सांगतो, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वहीत तीन रकाने : वेळ, मागची सिगारेट विझवून किती वेळ झाला, आणि बेचैनी शून्य ते दहामध्ये किती. सिगारेट पेटवण्याआधी लिहायचं आणि संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा बेचैनीचा आकडा टाकायचा. त्यांचा दावा होता, की ताण कर्जवसुलीच्या फोनांमुळे येतो. पहिल्या आठवड्यातल्या एका दिवशी त्यांनी लिहिलं होतं : 11.40, दोन तास, सात. ओढल्यावर तीन. दुपारी 2.10, अडीच तास, आठ. ओढल्यावर चार. वसुलीचे फोन त्या दिवशी झाले होते, त्यामुळे हे त्यांच्या दाव्याला धरूनच होतं. मग रविवार आला. घरी क्रिकेट चालू, फोन बंद, मुलगी मांडीवर. नोंद : 4.30, पावणेतीन तास, सात. ओढल्यावर तीन. वसुली नव्हती, साहेब नव्हता, आकडे तेच. उलट सोमवारी एक ग्राहक काउंटरवर आरडाओरडा करून गेला, त्या वेळी मागची सिगारेट विझून वीस मिनिटंच झाली होती आणि बेचैनी होती चार. त्यांनी ते पान माझ्यासमोर उलटंपालटं करून दोनदा वाचलं. त्यांचा ताण कामापेक्षा मधल्या अंतराशी जास्त जोडलेला होता.

तुम्हीही असंच करा. रकाने हेच, फक्त चौथा वाढवा : शेवटच्या पेगपासून किती तास. दहा दिवसांत चित्र दिसायला लागतं. बेचैनी घटनांच्या मागे जात असेल, म्हणजे प्रेझेंटेशनच्या आधी, भांडणानंतर, गर्दीत, तर ती तुमची मूळची चिंता. बेचैनी तासांच्या मागे जात असेल तर ती उताराची. बहुतेकांच्या वहीत दोन्ही सापडतात, आणि कोणत्या भागावर काय उपाय करायचा ते त्यामुळे ठरवता येतं.

सिगारेटने जे थोडं खरं शांत वाटतं त्यात निकोटीनशिवाय आणखी काही असतं, तेही ओळखून ठेवा. माणूस खुर्ची सोडून खाली टपरीवर जातो, सात-आठ मिनिटं स्क्रीनपासून दूर असतो, बरोबर मित्र असतो आणि तो खोल श्वास घेऊन हळूहळू सोडत असतो. लांबवलेला उच्छ्वास नाडी खाली आणतो, त्यात धूर असो वा नसो. एक दिवस टपरीवर जा, मित्राशी बोला, तितकेच श्वास तसेच घ्या, फक्त पेटवू नका, आणि दहा मिनिटांनी आकडा लिहा. आठचा तीन होणार नाही, पण आठचा सहा बहुधा होईल. तो दोन आकड्यांचा फरक सिगारेटचा नव्हताच, तुमचा होता. तो पुढे उपयोगी पडतो.

‘सिगारेट सोडली तर टेन्शनने वेडा होईन’ ही भीती पहिल्या आठवड्यापुरती बरोबर असते. उतार पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात तीव्र असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. 2014 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 26 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सोडल्यानंतर निदान सहा आठवडे उलटलेल्या लोकांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले, आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तसंच दिसलं. हे अभ्यास निरीक्षणाचे होते, त्यामुळे कारण-परिणाम शंभर टक्के सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. पण सोडल्याने मन बिघडतं या समजाला मात्र त्यात आधार मिळाला नाही. (मिश्री, तंबाखू, गुटखा यांतही निकोटीनच असतं. घरातल्या बायका ‘मिश्री लावली की बरं वाटतं’ म्हणतात, तेही याच चक्रातून. पाळीच्या त्रासासारखं किंवा अॅसिडिटीसारखं त्याकडे पाहिलं जातं आणि कोणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

आता चहाबद्दल, कारण सिगारेट सोडताना लोक इथे हमखास फसतात. धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवून ठेवतात, आणि कॅफिन मोडण्याचं काम तेच एन्झाइम करतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन लवकर निघून जातं. सिगारेट बंद केली की काही दिवसांत हे एन्झाइम खाली येतं आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफिन दुपटीपर्यंत जाऊ शकतं. निकोटीनच्या गमने ते एन्झाइम टिकत नाही, कारण वाढवणारा धूर होता, निकोटीन नव्हे. माणूस मात्र उलट करतो : सिगारेटची सवय मोडायची म्हणून दोन कटिंग जास्त पितो. मग हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि तो म्हणतो, ‘बघा, सोडल्याने एन्झायटी वाढली.’ सोडल्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी तीननंतर बंद. ऑलान्झापीन किंवा क्लोझापीन चालू असेल तर त्याचंही रक्तातलं प्रमाण असंच वाढतं. त्यामुळे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगून मगच सोडा.

सोडायचं कसं. पहिला भाग दारूचा. रोज 60 ग्रॅम, तेही दोन वर्षं, हे प्रमाण धोक्याच्या पट्ट्यात येतं. या प्रमाणात बहुतेकांना दोन-चार दिवस थरथर, घाम, मळमळ आणि झोपमोड एवढंच होतं. पण काहींना आकडी येते, आणि कोणाला येईल हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. वेळापत्रक साधारण असं असतं : शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घालमेल, सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडीचा धोका, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम. म्हणजे नसलेली माणसं किंवा किडे दिसणं, वेळ-जागा न समजणं, ताप, प्रचंड घाम. हा शेवटचा प्रकार जिवावर बेततो. पूर्वी कधी दारू थांबवल्यावर आकडी किंवा भ्रम झाला असेल, सकाळी उतारा लागत असेल, मोजताना क्वार्टरपेक्षा जास्त निघत असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा घरी तुम्ही एकटे असाल, तर दवाखान्यात राहूनच बंद करायची. यातलं काही नसेल तर बाह्यरुग्ण म्हणूनही होतं. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी चढ्या मात्रेपासून सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत आणून बंद करतात. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम निवडतात. त्याबरोबर थायामिन म्हणजे बी-1 देतात. रोजच्या पिण्याने ते कमी पडतं आणि फार कमी पडलं तर तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि स्मृती जाणं यापर्यंत मजल जाते. अशक्तपणा वाटतो म्हणून कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावायला निघालं, तर दारूबद्दल लपवू नका, थायामिन सुरू करायला सांगा.

डॉक्टर भेटायला आठवडा लागणार असेल तर तोपर्यंत शून्यावर येऊ नका. पेगच्या मापाने मोजून ओता, नजरेने नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी 30 मिली कमी करा. कमी केल्यावर सकाळी हात थरथरले तर तिथेच थांबा, पुढची पायरी उशिरा उतरा. आकडी आली किंवा भ्रम सुरू झाला तर 108 ला फोन करा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. मेडिकलमधून ओळखीने अल्प्राझोलाम आणून ‘दारूऐवजी’ घेऊ नका. ती गोळी गाबाच्याच वाटेने काम करते आणि काही तासांत उतरते. तिचाही उतार बेचैनीचाच असतो, आणि दारूवर घेतली तर श्वास मंदावू शकतो. दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. ‘न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-पावडरींत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि त्याची संमती असेल तरच.

सिगारेट त्याच दिवशी बंद करायची की नंतर? दोन्ही एकत्र सोडल्याने दारूची सोडवणूक बिघडते असं नाही. तरी तुमच्यासारख्या, पहाटे घाबरून उठणाऱ्या माणसाला मी सहसा दोन-तीन आठवड्यांचं अंतर देतो. एका वेळी एकच उतार सोसणं सोपं जातं. अट एवढीच, की दारू थांबवल्यावर सिगारेटी बारावरून वीस होऊ द्यायच्या नाहीत. तसं होतं, म्हणून वही चालू ठेवा. नंतर सिगारेटची तारीख ठरवून गम घ्या. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. गम च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो. चव तिखट लागेपर्यंत थोडा चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा, असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा किंवा लिंबू-पाणी घेतलं तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. ‘गमने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण सलग चघळून गिळत असतात आणि उचकी लागून सोडून देतात. फोनवर बोलायचं असेल तर तंबाखूसाठी 1800-11-2356, व्यसनासाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यातच आहात, तर 1986 पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही जवळ आहे.

पहिला आठवडा झोपेच्या बाबतीत वाईट जाईल. भडक स्वप्नं पडतील, त्यातल्या काहींत तुम्ही प्यायलेले असाल आणि घाबरून उठाल. ती दाबलेली झोप परत येतेय, बिघाड नव्हे. पहाटेची धडधड साधारण दुसऱ्या आठवड्यात विरळ होते. एन्झायटीचं निदान मी चार आठवडे दारूशिवाय गेल्याखेरीज पक्कं करत नाही, कारण पिण्याच्या काळात भरलेली प्रश्नावली बहुतेकांना रुग्ण ठरवते. आत्महत्येचे विचार येत असतील किंवा चिंता पिण्याच्या आधीपासूनची, कॉलेजपासूनची असेल, तर मात्र मी चार आठवडे थांबत नाही, उपचार लगेच सुरू करतो.

चौथ्या आठवड्यानंतर वहीत काय उरतं ते पाहायचं. समजा पहाट शांत झाली, रविवार शांत झाला, पण क्लायंट कॉलच्या आदल्या संध्याकाळी बेचैनी अजून सात असते. ही तुमची स्वतःची चिंता, आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रामसारखी औषधं दोन ते चार आठवड्यांत परिणाम दाखवायला लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढवतात आणि त्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. बंद करताना मात्र तीही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी लागतात. सीबीटी या विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात तुम्हाला त्या कॉलला मुद्दाम, पायरीपायरीने, पेगशिवाय आणि सिगारेटशिवाय बसवलं जातं. आधी फक्त ऐकायला, मग दोन वाक्यं बोलायला, मग पूर्ण अर्धा तास. दोन वर्षं दर वेळी पेगने भीती दाबल्यामुळे ती आपोआप चढून आपोआप उतरते हे तुमच्या मेंदूने पाहिलंच नव्हतं. वहीत त्या कॉलच्या आधीचा, मधला आणि नंतरचा असे तीन आकडे लिहीत जा आणि पुढच्या भेटीला ती पानं डॉक्टरांसमोर ठेवा.